“मॅडम, आज शाळेत येऊ शकत नाही”. या मेसेजमध्ये नेमकं काय लिहायचं?

शाळा अकराला भरते. सकाळी साडेसातला एका शिक्षिकेचे वडील बाथरूममध्ये घसरून पडतात. हात सुजलाय, एक्स-रे काढायला न्यायचंय, रिक्षा दारात उभी आहे. आता मुख्याध्यापिकेला कळवायचं. अशा वेळी बहुतेक जण काय लिहितात, ते तुम्हाला माहीतच आहे.

> मॅडम, घरी इमर्जन्सी आहे, आज येऊ शकत नाही. सॉरी. ७ ब ला व्यस्तप्रमाण घ्यायला सांगा प्लीज.

मेसेज नम्र आहे, वेळेत आहे, त्यात लपवाछपवी नाही. तरी याच मेसेजमुळे पुढे दोन-तीन माणसांची धावपळ होते आणि सातवी ब चा गणिताचा एक धडा बिघडू शकतो. तो कसा बिघडतो आणि त्याऐवजी काय लिहिता येईल, तेच आज बघूया.

आधी हा मेसेज शाळेत पोहोचल्यावर त्याचं काय होतं ते समजून घेऊ.

मोठ्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक स्वतः बदली तास लावत नाहीत. ते काम पर्यवेक्षकांचं. परिपाठ सुरू व्हायच्या आधी किंवा तो चालू असताना ते वेळापत्रक समोर घेतात, आज कोण आलेलं नाही ते बघतात, कोणत्या तासाला कोण ऑफ आहे ते शोधतात आणि बदली तासांच्या वहीत नावं लिहून सह्या घेतात. हाताशी वेळ असतो दहा-पंधरा मिनिटांचा. त्यात त्यांना तुमचे तास कोणते, हे वेळापत्रकातून शोधत बसावं लागलं तर ते शोधतातही, पण तुमची मधल्या सुट्टीतली व्हरांड्याची ड्युटी मात्र हमखास सुटते.

नाव लागतं कोणाचं? जो ऑफ असेल त्याचं. गणिताच्या तासाला गणिताचाच माणूस मिळेल, ही आशा सोडून द्या. गणितवाले त्या वेळी दुसऱ्या वर्गावर असतात. सातवी ब वर जाणार मराठीचे सर, चित्रकलेच्या मॅडम किंवा पीटीचे सर. आणि त्यांच्या हातात पडणार तो मेसेज मूळ नव्हे, तर “७ ब वर जा, व्यस्तप्रमाण घ्या म्हणाल्यात” एवढा तोंडी निरोप.

म्हणजे तुम्ही लिहिलं मुख्याध्यापिकेला, पण त्यातला अर्धा भाग प्रत्यक्षात वापरणारा माणूस वेगळाच आहे. तो कोण, हे लिहिताना तुम्हाला माहीत नसतं. गोंधळाचं मूळ इथे आहे. त्यावरचा उपाय अगदी साधा: दोन मेसेज करा. एक मुख्याध्यापिकेसाठी, रजेचा. दुसरा न बदलता पुढे पाठवता येईल असा, वर्गाचा.

दोन करायचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं. रजेच्या मेसेजमध्ये तुमचं घर असतं. कोणाला काय झालंय, कुठल्या दवाखान्यात नेलंय, कधी तुमचा स्वतःचा आजार, कधी गर्भपातासारखी गोष्ट. एकाच मेसेजमध्ये कारण आणि काम दोन्ही असलं की पर्यवेक्षक घाईत तो जसाच्या तसा स्टाफच्या ग्रुपवर टाकतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण दुपारपर्यंत चाळीस जणांना तुमच्या घरची बातमी कळलेली असते.

आता पहिला मेसेज. हा ताबडतोब जायला हवा. वर्गाचं काम काय द्यायचं याचा विचार करत वीस मिनिटं घालवून मग एकत्र पाठवू, असं करू नका. “येत नाही” ही बातमी जितकी लवकर, तितकी तास लावायला सोपी. आमच्या उदाहरणातल्या शिक्षिकेने तो असा लिहायला हवा होता:

> मॅडम, नमस्कार. आज मंगळवारी मी शाळेत येऊ शकणार नाही. वडील सकाळी पडले आहेत, त्यांना दवाखान्यात नेत आहे. आजची एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी ही विनंती. अर्ज आल्यावर देते.
>
> आजचे माझे तास: १ ला ७ ब, ३ रा ६ अ, ४ था ८ अ, ६ वा ७ अ. ७ ब ची हजेरी माझ्याकडे आहे. मधल्या सुट्टीत खालच्या व्हरांड्यात ड्युटी आहे.
>
> तासांचं काम नऊपर्यंत वेगळं पाठवते, ते तसंच पुढे पाठवता येईल. उद्याचं आज रात्री आठपर्यंत नक्की कळवते.

यात कारण एका वाक्यात आटोपलंय. मुख्याध्यापिकेला रजेचा निर्णय घ्यायला तेवढं पुरतं. आजाराचं वर्णन, औषधांची नावं, प्लास्टर लागलेल्या हाताचा फोटो, यातलं काही लागत नाही. फोटो पाठवायची पद्धत का पडली असेल हे समजतं, विश्वास बसणार नाही ही भीती असते. पण पुरावा मागितला गेलाच तर तो नंतर अर्जासोबत देता येतो.

“रजा मिळावी ही विनंती” हे शब्दही मुद्दाम आहेत. “मी आज रजेवर आहे” असं लिहिणं आणि रजा मागणं यात फरक आहे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ स्पष्ट सांगतात की रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, ती मंजूर व्हावी लागते. खाजगी शाळांसाठी त्याच वर्षीची वेगळी नियमावली आहे, पण रजा मंजूर करून घ्यायची ही रीत तिथेही चालते. व्हॉट्सॲपवरचा मेसेज म्हणजे पूर्वसूचना. रजेचा अर्ज तो नव्हे. तुम्ही परत आल्यावर अर्ज दिला नाही तर सहा महिन्यांनी सेवापुस्तकाच्या वेळी क्लार्क विचारतो, “तेवीस तारखेचं काय?” आणि तोवर जुना फोन बदललेला असतो.

शेवटचं “उद्याचं रात्री आठपर्यंत” हे वाक्य बरेच जण विसरतात. मुख्याध्यापिकेच्या दृष्टीने आजचा प्रश्न सुटला की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: उद्या या येणार का? ते न विचारता कळलं तर दवाखान्यात तुमचा फोन सारखा वाजत नाही.

आणि हो, मेसेज टाकून एक फोन कराच. मुख्याध्यापिका बसमध्ये असतील, गाडी चालवत असतील, नेट बंद असेल. दोन निळ्या टिका दिसल्या नाहीत तर कळलेलं नाही असंच धरायचं. मुख्याध्यापिका उचलत नसतील तर पर्यवेक्षकांना करा. फोनवर एक मिनिट पुरतं, कारण तपशील मेसेजमध्ये आहेतच.

आता दुसरा मेसेज, म्हणजे खरा अवघड भाग.

“७ ब ला व्यस्तप्रमाण घ्या” यात चूक काय आहे? काल या वर्गात समप्रमाण झालंय. एक वाढलं की दुसरं त्याच पटीत वाढतं, हे मुलांच्या डोक्यात ताजं आहे. आज मराठीचे सर वर्गात जातात, पुस्तक उघडतात आणि पहिलं उदाहरण घेतात: एक काम ८ मजूर ६ दिवसांत करतात, तर १२ मजूर किती दिवसांत करतील?

कालच्या सवयीने मुलं करणार ६ × १२ ÷ ८, उत्तर ९ दिवस. मजूर वाढले आणि दिवसही वाढले! बरोबर उत्तर ४ आहे. कारण एकूण काम ८ × ६ म्हणजे ४८ मजूर-दिवसांचं, ते १२ जणांत वाटलं की प्रत्येकाला ४ दिवस. इथे गुणाकार कायम राहतो, काल भागाकार कायम राहत होता. हा उलटा विचार बसवायला गणिताच्या शिक्षकाला प्रश्न विचारत, मुलांना चुकू देत एक तास सहज लागतो. मराठीचे सर हुशार असले तरी ऐनवेळी ते “इथे उलटं करायचं” एवढंच सांगू शकतात. मग मुलं नियम पाठ करतात: मजुरांचं गणित आलं की उलटं. पुढे परीक्षेत “८ मजुरांची मजुरी ४,००० रुपये, तर १२ मजुरांची किती?” असं आलं की मजूर दिसले म्हणून तेही उलटं करतात. इथे तर साधं समप्रमाण आहे, उत्तर ६,००० रुपये.

असा चुकीचा नियम एकदा बसला की तो काढायला दोन तास जातात. म्हणून बदली तासाला नवीन घटक द्यायचा नाही. जे झालंय त्याचाच सराव द्यायचा, पण असा की विषयाबाहेरचा माणूस तो उत्तम घेऊ शकेल. दुसरा मेसेज असा:

> ७ ब, गणित, १ ला तास (बदली शिक्षकांसाठी)
>
> आज नवीन काही शिकवायचं नाही. काल समप्रमाण झालं आहे, त्याचा सराव. पुस्तकाची गरज नाही.
>
> हजेरीपट ऑफिसात आहे. हजेरी झाली की ही तीन गणितं फळ्यावर लिहून द्यावीत. मुलांनी एकेकट्याने, वर्गपाठाच्या वहीत सोडवायची. वेळ १५ मिनिटं.
> १. ५ वह्या १२० रुपयांना, तर ८ वह्या किती रुपयांना? (१९२ रुपये)
> २. १२ लाडवांना ३०० ग्रॅम गूळ, तर २० लाडवांना किती? (५०० ग्रॅम)
> ३. ३ लीटर पेट्रोलमध्ये गाडी १३५ किमी जाते, तर ७ लीटरमध्ये किती? (३१५ किमी)
>
> मग ही दोन वाचून दाखवावीत आणि वर्गात बोलू द्यावं, १० मिनिटं:
> ४. एक शर्ट उन्हात वाळायला २ तास लागतात. तसेच ५ शर्ट एकाच वेळी वाळत घातले तर किती तास? (२ तासच)
> ५. मुलगा ५ वर्षांचा असताना उंची ११० सेमी होती. १० वर्षांचा झाल्यावर किती? (सांगता येत नाही)
> ही दोन समप्रमाणाची का नाहीत, ते प्रत्येकाने दोन वाक्यांत लिहावं.
>
> चुकलेलं खोडायला लावू नये, मला उद्या चुका बघायच्या आहेत. वह्या शेवटी गोळा करून माझ्या टेबलावर. काम लवकर संपलं तर मुलांनी स्वतः एक समप्रमाणाचं गणित तयार करून शेजाऱ्याला द्यावं.
>
> दुसऱ्या बाकावरची मॉनिटर मुलगी वह्या वाटायला, गोळा करायला मदत करेल. तुमचा ऑफ तास गेला, आभारी आहे.

मेसेज लांब वाटेल, पण वाचायला मिनिटभर लागतो आणि तास त्यावर चालतो. व्हॉट्सॲप लांब मेसेज मध्येच तोडतं, पुढचं वाचायला टॅप करावं लागतं. म्हणून वर्ग, विषय, तास आणि “नवीन काही शिकवायचं नाही” हे पहिल्या ओळींत आहे. बाकीचं टॅप केलं नाही तरी निदान धडा बिघडणार नाही.

कंसातली उत्तरं हा सगळ्यात उपयोगी भाग. उत्तर हातात असलं की पीटीचे सरही पाठीमागे फिरत वह्या बघू शकतात. ते नसलं की ते खुर्चीवर बसतात, आणि मुलांना लगेच कळतं की आज कोणी तपासणार नाही. पुढच्या पाच मिनिटांत वर्गाचा आवाज शेजारच्या वर्गात जातो.

चौथं आणि पाचवं गणित मुद्दाम घातलेलं आहे. पाचव्यात सवयीने उत्तर काढलं तर मुलगा दहाव्या वर्षी २२० सेंटिमीटर होतो, आणि विसाव्या वर्षी घराच्या छताबाहेर. वर्ग हसतो. पण या हसण्यातून प्रश्न तयार होतो: प्रत्येक वेळी पटीतच वाढतं असं कोणी सांगितलं? दुसऱ्या दिवशी व्यस्तप्रमाण सुरू करायला यापेक्षा चांगली तयारी नाही. शिवाय “का नाही ते दोन वाक्यांत लिहा” हे काम गणितवाल्यापेक्षा मराठीचे सर जास्त चांगलं करून घेतील. बदली शिक्षकाला जे येतं ते काम त्याला द्यावं, जे येत नाही त्यात त्याला उभं करू नये.

तास ३५ मिनिटांचा धरला तर हजेरीला ५, गणितांना १५, चर्चेला आणि लिहायला १०, वह्या गोळा करायला ५. याउलट “पान ५२ ते ५४ वाचून घ्या” हे काम आठ मिनिटांत संपतं आणि उरलेली सत्तावीस मिनिटं बदली शिक्षकाची परीक्षा असते. मग ते आपल्याच विषयाचा मागे राहिलेला पोर्शन काढतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. काम लिहून दिलेलंच नसेल तर त्यांनी तरी काय करावं?

व्हॉइस मेसेजचा मोह टाळा. स्टाफरूमच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही आणि वर्गात मुलांसमोर लावता येत नाही. पुस्तकाच्या पानाचा हलवून काढलेला फोटोही तसाच, फॉरवर्ड होता होता अक्षरं पुसट होतात. आणि ज्या कपाटाची चावी तुमच्या पर्समध्ये आहे, त्या कपाटातली वर्कशीट वाटायला सांगू नका. हे वाचून हसाल, पण असं होतं.

एक गोष्ट दोन्ही मेसेजमध्ये लिहायची नाही: मुलांची नाजूक माहिती. वर्गात एखाद्या मुलाला फिट येते, एखादी मुलगी मधल्या सुट्टीत इन्सुलिन घेते, एखाद्याच्या घरी वाद चालू आहे आणि ठरावीक नातेवाइकाकडे त्याला सोडायचं नाही. वर्गशिक्षिकेला हे सगळं माहीत असतं, बदली शिक्षकाला काहीच नाही. त्या दिवशी सगळ्यात मोठा धोका गणिताचा नाही, हाच आहे. पण असा मजकूर लिहिला की तोही फॉरवर्ड होणार. म्हणून हे फोनवर, मुख्याध्यापिकेला किंवा पर्यवेक्षकांना, नाव घेऊन सांगायचं. त्यांनी ते बदली शिक्षकाच्या कानावर घालायचं. शाळेत अशा मुलांची नोंद ऑफिसात आधीपासून असेल तर फक्त “७ ब ची नोंद बघा” एवढं पुरतं.

हे सगळं ज्या शाळेत पर्यवेक्षक आहेत तिथलं झालं. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत बदली शिक्षक नावाची व्यक्तीच नसते. एक जण आला नाही की दुसरा पहिली ते चौथी एकटाच सांभाळतो, वर पोषण आहाराचं बघतो. तिथे मेसेज त्या सहकाऱ्यालाच जाणार, आणि प्रत्येक वर्गाला वेगळं काम देऊन चालणार नाही. चारही इयत्तांना एकत्र बसवून करता येईल असं एकच काम द्यावं लागतं. उदाहरणार्थ, घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता. पहिलीची मुलं चित्र काढतील, दुसरीची वाटेत लागणाऱ्या पाच गोष्टींची नावं लिहितील, तिसरीची वाक्यं लिहितील, चौथीची पावलं मोजून अंतराचा अंदाज करतील. शिक्षक एक, विषय एक, काम चार पातळ्यांचं. सहकाऱ्याला एका वर्गाकडून दुसऱ्याकडे धावावं लागत नाही.

आता खरीखुरी आणीबाणी असेल, अपघात झाला असेल, कोणी गेलं असेल, तर दुसरा मेसेज लिहायची अपेक्षा कोणीच ठेवू नये. “येऊ शकत नाही, तास लावावेत” एवढं पुरे, तेही घरातल्या दुसऱ्या कोणी पाठवलं तरी चालेल. अशा दिवसासाठी एक सोय जूनमध्येच करून ठेवता येते. प्रत्येक वर्गासाठी एक कागद, वरच्या मेसेजसारखा, उत्तरांसकट, कोणत्याही घटकाला न बांधलेला. सातवीसाठी पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीचा सराव चालेल, कारण तो वर्षभर लागतो. कागद स्टाफरूममधल्या तुमच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवर उघडा. पर्यवेक्षकांना तो कुठे आहे हे माहीत हवं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा बदलायचा, नाहीतर मुलांनी तो आधीच सोडवलेला असतो.

परत आल्यावर वह्या उघडल्या की तास झाला की नुसता गेला, हे पाच मिनिटांत कळतं. तीन गणितं सोडवलेली आहेत आणि शर्टाच्या प्रश्नाखाली प्रत्येकाची वेगवेगळी वाक्यं आहेत, तर तास झाला. सगळ्यांच्या वहीत शब्दन्‌शब्द एकच वाक्य असेल, तर ते फळ्यावर लिहून दिलं होतं. आणि अर्ध्या वर्गाने शर्टांच्या खाली १० तास लिहिलं असेल, तर निराश होऊ नका. व्यस्तप्रमाणाआधी कुठे थांबायचं, ते त्यांनीच दाखवलंय.

त्याच दिवशी दोन कामं उरकून टाका. रजेचा अर्ज ऑफिसात द्या आणि सातवी ब वर गेलेल्या सरांना भेटून विचारा, कोण गप्प बसलं होतं, कोण भांडलं, कोणतं गणित मुलांना नीट वाचताच आलं नाही. वह्यांमध्ये हे दिसत नाही.